कॅरिओटाइपच्या अहवालातली एक ओळ

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत डाऊन सिंड्रोमवर आलेला लेख वाचला. लेखकाला या मुलांविषयी कळकळ आहे हे ओळीओळीतून जाणवतं. पण त्यात तीन विधानं सरळ एकापाठोपाठ येतात: हा दोष घराण्यातून येतो, आईचं वय वाढलं की होतो, आणि कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रं रंगवून मोजायची तपासणी, केला की कळतो. पहिलं विधान बहुतेक कुटुंबांच्या बाबतीत चूक आहे, दुसरं अर्धंच खरं आहे आणि तिसरं खरं असलं तरी फारच त्रोटक. गुणसूत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम करते. आमच्याकडे अहवाल न्यायला येणारी आई बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारते, "माझ्याकडून काय चुकलं?" तिला नीट उत्तर मिळावं म्हणून हे पत्र.

आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ जोड्या. ही संख्या पक्की ठरली तीच मुळी १९५६ साली. त्याआधी पाठ्यपुस्तकांत ४८ छापलेलं असे. अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत यातली निम्मी, म्हणजे २३ जायला हवीत. त्यासाठी अर्धसूत्री विभाजन होतं आणि ते दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांपासून वेगळी होऊन दोन टोकांना जातात. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती सुट्या होतात. यातलं काही वेगळं व्हायचं राहून गेलं आणि दोघं एकाच बाजूला ओढले गेले, की त्याला नॉनडिसजंक्शन म्हणतात.

एकविसाव्या गुणसूत्राचंच उदाहरण घेऊ. समजा, पहिल्या टप्प्यात आईची दोन्ही एकवीस नंबरची गुणसूत्रं वेगळी झालीच नाहीत. बीजांड विभागताना त्याचा एक छोटा तुकडा बाहेर टाकला जातो, त्याला पोलर बॉडी म्हणतात. एक एकवीस त्या तुकड्यात जायला हवं होतं, ते न जाता दोन्ही आतच राहिली. मग दुसरा टप्पा बिनचूक पार पडला तरी तयार झालेल्या अंडपेशीत २४ गुणसूत्रं असणार. वडिलांच्या शुक्रपेशीतली २३ त्यात मिळाली की ४७, आणि त्यात एकवीस तीन. हाच डाऊन सिंड्रोम. याच्या उलटही होतं. दोन्ही एकवीस पोलर बॉडीत निघून गेली तर अंडपेशीत एकही उरत नाही. तो गर्भ ४५ वर येतो आणि अगदी सुरुवातीलाच संपतो, बहुधा गर्भ राहिला होता हे कुणाला कळतही नाही. चूक दुसऱ्या टप्प्यात झाली तर गोष्ट थोडी वेगळी असते. तेव्हा बाळाला आईच्या एकाच एकवीसच्या दोन प्रती मिळतात. पहिल्या टप्प्यातल्या चुकीत आईची दोन वेगवेगळी एकवीस येतात. कॅरिओटाइपमध्ये मात्र दोन्हीकडे तीनच एकवीस दिसतात. चूक कुणाच्या पेशीत आणि कोणत्या टप्प्यात झाली हे कॅरिओटाइप सांगूच शकत नाही. ते शोधायला आईवडील आणि मूल तिघांचा डीएनए ताडून पाहावा लागतो. अशा अभ्यासांतून कळलं आहे की जादा एकवीस दहापैकी सुमारे नऊ वेळा आईकडून येतं आणि त्यातही पहिल्या टप्प्यातल्या चुका जास्त असतात. उरलेल्यांपैकी बहुतेक वेळा ते वडिलांकडून आलेलं असतं. लेखात वडिलांचा उल्लेखही नाही.

आईकडूनच जास्त का, याचं कारण तिच्या कोणत्याही वागण्यात नाही. मुलगी स्वतः आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजांडांचं पहिलं विभाजन सुरू होतं. जोडीतली गुणसूत्रं जवळ येतात, एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात आणि तिथेच सगळं थांबतं. ते थेट त्या बीजांडाची पाळी येईपर्यंत, म्हणजे कधी पंधरा वर्षं, कधी चाळीस. इतकी वर्षं जोडी एकत्र धरून ठेवायचं काम कोहेसिन नावाची प्रथिनं करतात. ती एकदा बसली की नव्याने फारशी भरली जात नाहीत, हळूहळू झिजत जातात. धरून ठेवणारंच सैल झालं की गुणसूत्रं वेळेआधी सुटतात आणि तर्कूचे धागे त्यांना भलत्याच बाजूला ओढतात. वयाचा संबंध आहे तो असा. पंचविशीतल्या आईच्या बाबतीत डाऊन सिंड्रोम साधारण १२५० जन्मांत एकदा दिसतो, पस्तिशीत सुमारे ३५० मध्ये एकदा आणि चाळिशीत १०० मध्ये एकदा. पण वय कमी म्हणून ही चूक होणारच नाही असं नाही. तरुण आयांची बाळंतपणंच जास्त असल्यामुळे डाऊन सिंड्रोम असलेली पुष्कळ मुलं पस्तिशीच्या आतल्या आयांचीच असतात. काय खाल्लं, कोणतं ग्रहण पाहिलं, किती जिने चढले, यातल्या कशाचाही इथे संबंध नाही. गर्भ राहिला त्या क्षणी गुणसूत्रांचा हिशेब बहुतेक वेळा होऊन गेलेला असतो.

आता कॅरिओटाइपविषयी. बाळाचं दोन-तीन मिली रक्त हेपॅरिनच्या नळीत आमच्याकडे येतं. पांढऱ्या पेशी विभागायला लागाव्यात म्हणून त्यात घेवड्यासारख्या शेंगेच्या बीपासून काढलेलं एक प्रथिन घालून ते साधारण ७२ तास ३७ अंशांवर ठेवतात. मग कोल्सेमिड घालून पेशींना विभाजनाच्या मधोमध अडवायचं, कारण गुणसूत्रं सुटी आणि जाड दिसतात ती त्याच अवस्थेत. पातळ क्षारद्रावणात पेशी फुगतात, मग त्या मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात पक्क्या करायच्या आणि थेंब थेंब काचपट्टीवर सोडायच्या. ट्रिप्सिन आणि गिम्साचा रंग दिला की प्रत्येक गुणसूत्रावर फिक्या-गडद पट्ट्या उमटतात. एकवीस आणि बावीस दोन्ही इवलीशी, नवख्याला सारखीच वाटणारी. पण एकविसाच्या लांब भुजेवर गुणसूत्रबिंदूच्या, म्हणजे दोन भुजा जुळतात त्या जागेच्या, लगत एक ठसठशीत काळी पट्टी असते, बावीस त्यामानाने फिकं. ती काळी पट्टी एका पेशीत तीनदा दिसली तरी आम्ही तेवढ्यावर थांबत नाही. साधारण वीस पेशी मोजतो, कारण काही मुलांत थोड्या पेशी ४६ च्या आणि थोड्या ४७ च्या असतात.

शेवटी अहवालात एक ओळ येते. मुलगी असेल तर बहुतेक वेळा ती अशी असते:

47,XX,+21

म्हणजे एकूण ४७, स्त्रीची गुणसूत्रं आणि एक जादा सुटं एकवीस. डाऊन सिंड्रोमच्या शंभरातल्या सुमारे ९५ मुलांचा अहवाल असाच ४७ चा असतो. हेच नॉनडिसजंक्शन. इथे घराण्याचा संबंध नाही आणि आईवडिलांची गुणसूत्रं तपासायची गरजही सहसा पडत नाही. पुढच्या बाळाला हाच त्रास होण्याची शक्यता साधारण शंभरात एक असते. आईच्या वयाचा धोका त्याहून जास्त असेल तर तो धरायचा.

पण शंभरातल्या तीन-चार मुलांची ओळ अशी येते:

46,XX,der(14;21)(q10;q10),+21

मी पत्र लिहायला घेतलं ते या ओळीसाठी. एका जोडप्याच्या मुलीचा असाच अहवाल होता. त्यांना कुणीतरी सांगितलं, "सेहेचाळीस आहेत म्हणजे नॉर्मल." मुलीच्या चेहऱ्यावरून आणि सैल स्नायूंवरून डॉक्टरांना शंका होती, आणि ती बरोबर होती. या मुलीत दोन सुटी एकवीस होतीच, शिवाय तिसऱ्या एकविसाची लांब भुजा चौदाव्या गुणसूत्राला चिकटलेली होती. ओळीतलं der म्हणजे हेच जोड गुणसूत्र. तुकडे मोजले तर ४६, पण एकविसाचा मजकूर तीनदा. आम्ही आईवडिलांचं रक्त मागवलं. आईचा अहवाल आला 45,XX,der(14;21)(q10;q10). तिच्यातही चौदा आणि एकवीस जोडलेलेच, पण एकविसाचा मजकूर दोनदाच, म्हणून ती पूर्ण निरोगी. जोडताना दोघांच्या आखूड भुजा गळून जातात, पण त्यांवरच्या जनुकांच्या प्रती इतर गुणसूत्रांवर भरपूर असल्याने काही बिघडत नाही. तिची अंडपेशी बनताना मात्र जोड गुणसूत्र, सुटं चौदा आणि सुटं एकवीस अशा तिघांना वेगळं व्हायचं असतं. जोड गुणसूत्र आणि सुटं एकवीस एकाच बाजूला गेले की बाळाला डाऊन सिंड्रोम होतो. वाहक आईच्या बाबतीत प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता १० ते १५ टक्के असते, मग आईचं वय बावीस का असेना. वडील वाहक असतील तर ती बरीच कमी, एक-दोन टक्के. या आईच्या बहिणीही वाहक असू शकतात, त्यांनाही तपासणी सुचवावी लागते. पुष्कळदा आईवडील दोघांचीही गुणसूत्रं नॉर्मल निघतात, म्हणजे जोड त्या मुलातच नव्याने झालेला असतो आणि पुढचा धोका फारच कमी राहतो. पण हे तपासल्याशिवाय कळत नाही.

बाकीच्या गुणसूत्रांविषयी थोडंच सांगते. नॉनडिसजंक्शन कोणत्याही जोडीत होऊ शकतं, आपल्याला दिसतात ती फक्त जगू शकलेली बाळं. लिंगगुणसूत्रं सोडली तर एकविसावर जनुकं सर्वांत कमी, म्हणून ते जादा झालं तरी मूल जन्मतं आणि वाढतं. तेरा आणि अठरा जादा असलेली बाळं जन्मली तरी बहुतेक वर्षभराच्या आत जातात. सोळा जादा असलेले गर्भ तर गर्भपातांच्या तपासणीत वारंवार सापडतात, पण सर्व पेशींत सोळा जादा असेल तर बाळ जन्माला येत नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गुणसूत्रांच्या संख्येतला किंवा रचनेतला बिघाड असतो. लिंगगुणसूत्रांचा फरक शरीर जास्त सोसतं. 47,XXY असलेल्या पुरुषाला कित्येकदा वंध्यत्वाची तपासणी होईपर्यंत त्याचा पत्ताही नसतो.

गरोदरपणात आईच्या रक्तातून होणाऱ्या नव्या चाचणीचाही लेखात उल्लेख आहे. ती चाळणी चाचणी आहे. एकविसाचा मजकूर जास्त आहे एवढंच ती सुचवते, तो सुटा की जोडलेला हे सांगत नाही. त्यासाठी गर्भजल किंवा वारेचा नमुना घेऊन कॅरिओटाइपच करावा लागतो.

तेव्हा आपण दुरुस्ती छापावी ही विनंती. तीत निदान एवढं यावं: मुलाच्या अहवालात 47 आणि +21 असेल तर दोष घराण्यातला नाही, 46 आणि der असेल तर पुढच्या गरोदरपणाआधी आईवडील दोघांचाही कॅरिओटाइप करून घ्यावा. आणि अहवालाची मूळ प्रत जपून ठेवावी, कारण "डाऊन सिंड्रोम आहे" एवढंच तोंडी सांगितलेलं पुढच्या वेळी समुपदेशकाला पुरत नाही, ती ओळ लागते.

आपली,
एक वाचक