नंबर देऊ का, असं विचारणाऱ्याला काय लिहिलं

इंदूर

प्रिय सुलू,

सप्रेम नमस्कार. तुझ्या वाड्यातल्या वरच्या खोलीसाठी कुणा अनोळखी माणसाला तुझा नंबर द्यायचा म्हणून तुमच्या दांडिया बाजारातले ते ओळखीचे गृहस्थ मागे लागलेत, आणि तू "बघते" म्हणून ठेवलंयस. फोनवर तू विचारलंस, की मोडीच्या त्या प्रकरणात मी काय उत्तर दिलं होतं. तेव्हा कुकर लावला होता, म्हणून नीट सांगता आलं नाही. आता सविस्तर लिहिते.

मराठी नाटकाला माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणारे एक सद्गृहस्थ आहेत. ओळख मध्यंतरातल्या चहापुरती. एका संध्याकाळी त्यांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: "ताई, आमच्या परिचयाचे एक जण आहेत, त्यांच्याकडे आजोबांचा जुना मोडी कागद आहे. तुम्ही वाचता असं मी त्यांना सांगितलंय. तुमचा नंबर देऊ ना?" विचारलं हेच खूप. बरेच जण विचारतसुद्धा नाहीत, सरळ कॉन्टॅक्ट पाठवून मोकळे होतात. पण असं विचारणारा माणूस बहुतेक वेळा समोरच्याला आधीच हो म्हणून बसलेला असतो. आपण दोन दिवस गप्प राहिलो तर तो आपलं गप्प राहणं होकारात धरतो. म्हणून तुझं ते "बघते" मला धोक्याचं वाटतं. नाही म्हणायचं असेल तर त्याच दिवशी म्हणावं.

मी पाठवलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवते:

"नमस्कार. माझा नंबर कृपया कुणाला देऊ नका. त्यांच्या कागदाच्या पहिल्या पानाचा उजेडात काढलेला फोटो, त्यांचं नाव आणि कागद कशाचा असावा असं त्यांना वाटतं, एवढं तुम्हीच मला पाठवा. रविवारपर्यंत पाहून तुम्हाला कळवते. काम माझ्या आवाक्यातलं असलं, तर कुठे भेटायचं ते सांगेन. तिघांचा ग्रुप मात्र करू नका, त्यात नंबर दिसतो."

यात एकही सबब नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. सबब दिली की ती दूर करायला माणूस सरसावतो. तब्येत बरी नाही म्हटलं, तर "बरं वाटलं की देतो." सध्या गडबड आहे म्हटलं, तर "दिवाळीनंतर देतो." म्हणून "सध्या" हा शब्दसुद्धा मी टाळला. नकार पहिल्याच ओळीत दिला आणि लगेच कामाचं बोलले, म्हणजे त्यांनाही त्या माणसाकडे रिकाम्या हाताने जावं लागलं नाही. मध्यस्थाची खरी अडचण तीच असते. आपला नंबर त्याला नकोच असतो, शब्द राखायला काहीतरी हवं असतं.

ग्रुपचं वाक्य मुद्दाम घातलं. पुष्कळांना वाटतं, नंबर न देता दोघांची गाठ घालून द्यायची तर तिघांचा ग्रुप करावा. पण ग्रुपमध्ये आलेल्या प्रत्येकाला बाकीच्यांचा नंबर दिसतो, म्हणजे नंबर दिल्यातच जमा. आपल्या निरोपाचा स्क्रीनशॉट पुढे पाठवला तरी तेच. त्यांनी आपलं नाव सेव्ह केलेलं नसेल तर वर ठळक नंबरच असतो. निरोप फॉरवर्ड केला तर चालतं, मूळ कुणाचा ते त्यात दिसत नाही. आणखी एक गोष्ट चटकन सुचत नाही: "त्यांचा नंबर मला द्या, मीच फोन करते" असं म्हणणं मोठं समंजस वाटतं खरं, पण आपल्या मोबाईलवरून फोन लावला की त्यांच्या स्क्रीनवर आपलाच नंबर उमटतो! म्हणून दिशा उलटी करून भागत नाही, वाटच वेगळी हवी. पहिल्या खेपेला तो मध्यस्थच बरा, पुढे ईमेल, नाहीतर चार लोकांत भेट. मी अहिल्या लायब्ररी सांगणार होते.

त्यांचं उलट उत्तर आलंच: "अहो, चांगला माणूस आहे, मी ओळखतो." मी विचारलं, कुठून ओळखता? तर सराफ्यात एका दुकानावर दोनदा गाठ पडलेली. मी लिहिलं, "असतीलच चांगले, मग फोटो पाठवायला त्यांची हरकत नसेल." यावर काही बोलायला जागाच राहिली नाही.

आता तू म्हणशील, नुसत्या नंबराचा एवढा बाऊ कशाला? बँकेत जन्म गेला माझा, म्हणून मला त्यातला धोका दिसतो. आपल्याकडे मोबाईल नंबर हा निव्वळ बोलायचा नंबर राहिलेला नाही. पैसे पाठवायच्या कुठल्याही ॲपमध्ये तुझे दहा आकडे टाकून बघ. त्यावर तुझं यूपीआय चालू असेल, तर पैसे पाठवायच्या आधीच तुझं नाव समोर येतं, तेही बँकेत असेल तसं. आपल्या बायकांची खाती म्हणजे नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. एक रुपयाही खर्च न करता त्या माणसाला तुझ्या घरातलं दुसरं नाव कळलं. तोच नंबर व्हॉट्सॲपमध्ये टाकला की तुझा नातवाबरोबरचा फोटो. कुणी "काकू, मी अमक्यांचा मित्र बोलतोय, तुमचा नातू कसा आहे?" अशी सुरुवात करून बोलायला लागला, तर आपण त्याला घरचाच समजतो. बँकेत रडत येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या बाबतीत सुरुवात अशीच झालेली मी ऐकली आहे. पैसे मागणारा फोन नंतर येतो. त्याच्या आधी माहिती जुळवून झालेली असते.

आणि पुढे त्रास झालाच, तर नंबर बदलावा असं सहज म्हणतात. बदलून बघ म्हणावं. बँक, आधार, पेन्शन, गॅस, विमा, सगळ्यांचे ओटीपी त्याच एका नंबरावर. एखादं ठिकाण विसरलं, तर जुना नंबर बंद केल्यावर तिथला ओटीपी कुठे जाणार? बंद झालेला नंबर 90 दिवस उलटले की कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. म्हणजे तुझे निरोप तिसऱ्याच माणसाच्या खिशात.

कायद्याची वाट मात्र धरू नकोस. तुझे जावई म्हणत होते ना, की आता वैयक्तिक माहितीचा कायदा आलाय. आलाय, 2023 चा, पण कुणी व्यक्तीने आपल्या खाजगी, घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर तो लागू होत नाही. ओळखीच्याने ओळखीच्याला नंबर दिला म्हणून आपण कुणावर कारवाई करणार नाही, आणि करूही नये. ती भाषा काढली की एका नंबरापायी ओळख तुटते.

पुढे काय झालं ते ऐक, ही गंमत आहे. तिसऱ्या दिवशी फोटो आला. पिवळा पडलेला कागद, कडेला वाळवीची नक्षी. मी मोठा करून पाहिला आणि हसूच आलं. मोडी लिहिणारे आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचे आणि मग तिला अक्षरं लोंबकळत ठेवायचे. इथे रेघेचा पत्ताच नव्हता. अक्षरं सुटी, मात्रा जवळपास गायब, उजवीकडे रकमांची उतरंड. ही महाजनी, व्यापाऱ्यांच्या वह्यांची लिपी. होळकरांच्या दफ्तरात मोडी असली तरी सराफ्यातल्या पेढ्यांचा हिशोब बहुतेक महाजनीतच चालायचा. मला ती वाचता येत नाही. तसं कळवलं, आणि सराफ्यातल्याच एखाद्या जुन्या पेढीवर वयस्कर मुनीमजी असतील तर विचारून पाहा, असंही सुचवलं. त्यांचे आभार आले, मध्यस्थांमार्फतच. नंबर दिला असता, तर तो माणूस आठवडाभर मला फोन करत राहिला असता आणि शेवटी हेच उत्तर घेऊन गेला असता.

तुझं प्रकरण थोडं वेगळं आहे. खोली भाड्याने द्यायची म्हणजे आज एक, उद्या दुसरा, माणसं येतच राहणार. प्रत्येक वेळी मध्यस्थाला राबवता येणार नाही. त्यासाठी एक स्वस्तातलं दुसरं सिम घे, जुन्या बटणांच्या फोनमध्ये टाक. ना त्यावर बँक, ना व्हॉट्सॲप. तो नंबर खुशाल वाटू दे. फक्त अधूनमधून रिचार्ज करत जा, नाहीतर तोही बंद पडेल. या गृहस्थांना मात्र आजच लिही. हे पाठव, हवं तर तुझ्या पद्धतीने बदल:

"भाऊ, माझा हा नंबर कुणाला देऊ नका. खोलीसाठी कोण आहेत, काय काम करतात, किती माणसं राहणार आणि कधीपासून हवी, एवढं विचारून मला कळवा. जुळण्यासारखं असलं तर खोली पाहायला यायची वेळ मी तुम्हाला सांगते, तुम्हीच त्यांना घेऊन या."

शेवटचं वाक्य गाळू नकोस. स्वतः यायचं म्हटल्यावर मध्यस्थ माणसाची चौकशी आपोआप जास्त करतो.

नंबर त्यांनी आधीच देऊन टाकला असेल, तरी घाबरू नकोस. व्हॉट्सॲपच्या Settings मध्ये Privacy उघड आणि Profile photo आणि Groups, दोन्हीकडे My contacts कर. म्हणजे अनोळख्याला फोटो दिसणार नाही आणि परस्पर ग्रुपमध्येही ओढता येणार नाही. तिथेच Calls मध्ये Silence unknown callers आहे, तेही चालू कर. न मागवलेला ओटीपी आला तर कुणालाही, अगदी "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही सांगायचा नाही. आणि पैसे गेलेच तर आधी 1930 लावायचा, घरच्यांना नंतर. पहिला तास फार मोलाचा असतो, रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येते.

जावयांकडून सेटिंग करून घेशील तेव्हा शेजारी बसून बघ, नाहीतर पुढच्या वेळी परत मलाच फोन. आणि खोलीचं भाडं किती सांगितलंयस? मागच्या वेळेसारखं लाजून कमी सांगू नकोस. दादांना नमस्कार. इथून येणाऱ्या कुणाबरोबर तरी शेव पाठवते, लवंगाची.

तुझी,
मालू