संगणक समन्वयकांस खुले पत्र : पासवर्ड बदलण्याआधी पुसलेले खाते परत आणावे

प्रति,
माननीय संगणक समन्वयक,
माध्यमिक विभाग (मराठी माध्यम)

विषय : इयत्ता नववीतील विद्यार्थिनीचे खाते पूर्ववत करणे व ऑनलाइन वर्गात प्रवेश मिळण्याबाबत.

महोदय,

माझी मुलगी आपल्या शाळेत नववीत शिकते. पत्र खुले असल्यामुळे तिचे नाव, ईमेल पत्ता किंवा नोंदणी क्रमांक यात लिहीत नाही. तो तपशील वेगळ्या बंद पाकिटात वर्गशिक्षकांकडे दिलेला आहे. इथे एवढेच सांगतो की तिच्या नावाची सुरुवात ‘ज्ञा’ या अक्षराने होते आणि सगळी अडचण त्या एका अक्षरापाशी येऊन थांबते.

मागच्या वर्षी, म्हणजे आठवीत, तिला शाळेकडून गूगलचे खाते मिळाले होते. त्यातील पत्ता `dnya` या अक्षरांनी सुरू होत असे, कारण आपल्याकडे ज्ञानेश्वर, ज्ञानदेव ही नावे इंग्रजीत तशीच लिहितात. या खात्यावरून ती गूगल क्लासरूममध्ये गृहपाठाचे फोटो पाठवीत असे आणि वर्षभर काही अडले नाही. यंदा शाळेने विद्यार्थ्यांची यादी राज्याच्या एसएटीएस नोंदीशी जुळवून घेतली. त्या नोंदीत तिचे नाव कन्नड वळणाने `jna` असे सुरू होते. चूक म्हणावी असे यात काही नाही. ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’ असा उच्चारतो, कन्नडमध्ये त्याचे रोमन रूप ‘जे-एन’ होते आणि ज्ञानपीठ पुरस्काराचे नावही इंग्रजीत `Jnanpith` असेच छापले जाते. मात्र माणसाला जे एकच नाव वाटते, ते संगणकाला दोन वेगळे पत्ते वाटतात.

नवीन यादी वर्गात वाचून दाखवली त्याच संध्याकाळी मुलीने जुन्या पत्त्याने लॉगिन करून पाहिले. पडद्यावर `Couldn't find your Google Account` असे आले. पासवर्ड चुकला असता तर हा संदेश आला नसता, तेव्हा `Wrong password` असे येते. या दोन संदेशांतला फरक महत्त्वाचा आहे, कारण पहिल्याचा अर्थ असा की या पत्त्याचे खातेच सापडत नाही. खाते नुसते स्थगित केलेले असते, तरी तसे सांगणारा निराळाच संदेश आला असता. मग आम्ही `jna` या नव्या स्पेलिंगचा पत्ता टाकून जुना पासवर्ड दिला, तेव्हा मात्र `Wrong password` आले. म्हणजे नव्या पत्त्याचे खाते अस्तित्वात आहे, पण त्याचा पासवर्ड वेगळा आहे.

खात्री करून घ्यावी म्हणून मी माझ्या स्वतःच्या मेलवरून मुलीच्या जुन्या पत्त्यावर एका ओळीचा मेल पाठवला. दोन मिनिटांत तो `Address not found` असा शेरा घेऊन परत आला. शाळेने जुन्याच खात्याचे नाव बदलून नवे स्पेलिंग दिले असते, तर जुना पत्ता त्या खात्याला उपनाव म्हणून जोडलेला राहिला असता आणि तिथे पाठवलेला मेल नव्या नावाच्या पेटीत पोहोचला असता. शिवाय नाव बदलल्याने पासवर्ड बदलत नाही, त्यामुळे जुना पासवर्ड नव्या पत्त्याला चाललाही असता. यांपैकी एकही गोष्ट घडलेली नाही. त्यामुळे माझा अंदाज असा आहे की नवी यादी चढवताना `jna` नावाचे कोरे खाते तयार झाले आणि ‘यादीत नसलेले’ म्हणून `dnya` हे खाते नंतर पुसले गेले. मी उद्यमबागेत मशीन शॉपवर काम करतो, संगणकाचा जाणकार नाही. पण बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, एवढे तिथे शिकलो आहे.

माझी खरी विनंती इथून सुरू होते. मागच्या आठवड्यात मी शाळेत चौकशी केली, तेव्हा ‘पासवर्ड रिसेट करून देऊ, लगेच होईल’ असे सांगण्यात आले. पण नव्या खात्याचा पासवर्ड रिसेट करून मुलीच्या हाती एक रिकामी खोली येईल. क्लासरूममधले काम आणि ड्राइव्हमधल्या फायली त्या मूळ खात्याशी बांधलेल्या असतात. वर दिसणारे नाव तेच ठेवून दुसरे खाते उघडले, तरी आतली ओळख नवीनच राहते आणि मागचे काम त्याच्याकडे चालत येत नाही. तिच्या जुन्या खात्यात आठवीच्या विज्ञान प्रकल्पाची सगळी मांडणी आहे आणि यंदा तोच प्रकल्प पुढे न्यायचा असे शिक्षकांनी सांगितले आहे. घरी तिची दुसरी प्रत नाही. फोनमध्ये जागा उरत नाही म्हणून तिने फोटो चढवून झाल्यावर पुसले, आणि तसे करायला मीच सांगितले होते.

पुसलेले खाते अॅडमिनला परत आणता येते, परंतु त्यासाठी पुसल्यापासून फक्त 20 दिवसांची मुदत असते. त्यानंतर ते खाते आणि त्यातील सामग्री परत मिळवता येत नाही. नवी यादी आली त्या दिवसापासून मोजले तर आज बारावा दिवस आहे, म्हणजे हाती आठ दिवस आहेत. खाते त्या दिवसानंतर पुसले गेले असेल तर थोडे अधिक असतील, पण त्याची नेमकी तारीख मला बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. त्यामुळे पासवर्ड नंतर दिला तरी चालेल, पण आपल्या अॅडमिन कन्सोलमध्ये अलीकडे पुसलेल्या वापरकर्त्यांची यादी उघडून तिचे `dnya` हे खाते आधी परत आणावे.

हे करताना `jna` हे नवे खाते आड येण्याचे कारण नाही, कारण दोन्ही पत्ते वेगळे आहेत. अडचण येईल ती परत आणलेल्या खात्याला एसएटीएसप्रमाणे `jna` हे नाव द्यायचे ठरवले तर, कारण तो पत्ता त्या कोऱ्या खात्याने अडवलेला आहे. त्यात कोणी एकदाही लॉगिन केलेले नसल्यामुळे ते आधी काढून टाकले तर काही गमावणार नाही. माझे मत विचाराल तर पत्ता जुनाच राहू द्यावा. लॉगिनचा पत्ता गुणपत्रिकेवर छापला जात नाही आणि एसएसएलसीच्या अर्जातही तो लागत नाही. खात्यावर दिसणारे नाव आणि लॉगिनचा पत्ता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, तेव्हा दिसणारे नाव नोंदीप्रमाणे ठेवून पत्ता तसाच सोडता येतो. विद्यार्थ्याचा एसएटीएस क्रमांक लिहायचा असेल तर खात्याच्या माहितीत `Employee ID` नावाचा रकाना आहे, तो शाळांनाही त्यासाठी वापरता येतो. पुढच्या वर्षी याद्या जुळवताना नावाऐवजी त्या क्रमांकाने जुळवल्या, तर स्पेलिंगचा प्रश्नच उरणार नाही.

हे पत्र मी बंद पाकिटातून न देता उघड लिहितो आहे, ते याच कारणासाठी. ‘ज्ञ’ची मुले थोडी असतील, पण आपल्या भागात ‘त’ अक्षराची मुले पुष्कळ आहेत. आपण स्वाती हे नाव `Swati` असे लिहितो, तर कन्नड वळणाने तेच `Swathi` होते. सविता, गीता, ज्योती यांचेही तसेच. मुलीच्याच वर्गातील आणखी दोघींना आत जाता येत नाही आणि दोघींच्याही नावात ‘त’ आहे. त्यांच्या पालकांना हा पासवर्डचा घोळ वाटतो आणि ते निवांत आहेत. त्यांचेही 20 दिवस चालू आहेत.

पासवर्डबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत. गेल्या वर्षी सगळ्यांचे पासवर्ड वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका फोटोत आले होते. यंदा कृपया तसे करू नये. तात्पुरता पासवर्ड चिठ्ठीवर द्यावा आणि पहिल्या लॉगिनला तो बदलणे बंधनकारक ठेवावे. चिठ्ठी हाताने लिहिणार असाल तर त्यात इंग्रजी मोठा ओ, शून्य, लहान एल आणि एकचा आकडा टाळावा. मागच्या चिठ्ठीत शून्य की ओ यावर आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. चिठ्ठीवरच्या सूचना मराठीतही असाव्यात. मला कन्नड वाचता येते, पण मुलीची आई चंदगडकडची, तिला येत नाही, आणि संध्याकाळी मुलांजवळ तीच बसते.

दुसरी गोष्ट वेळेची. घरात स्मार्टफोन एकच आहे आणि तो सकाळी माझ्याबरोबर कामावर जातो. अनोळखी फोनवरून लॉगिन होताना गूगल कधीकधी पडताळणीचा कोड मागते आणि विद्यार्थ्याच्या खात्याला मोबाइल क्रमांक जोडलेला नसेल तर गाडी तिथेच अडते. अशा वेळी अॅडमिनला त्या खात्यापुरती ही पडताळणी 10 मिनिटांसाठी बंद ठेवता येते. पण ती 10 मिनिटे सकाळी अकराची असतील, तर फोन उद्यमबागेत आणि मुलगी वर्गात असेल. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मी फोन घेऊन आपल्या संगणक कक्षात येईन, तिथेच आपल्यासमोर लॉगिन करून घ्यावे. ती वेळ सोयीची नसल्यास दुसरी कळवावी, मी रजा टाकून येईन.

खाते परत आले म्हणजे वर्ग दिसेलच असे गृहीत धरू नये. यंदाच्या वर्गांच्या यादीत विषयशिक्षकांनी बहुधा `jna` हाच पत्ता घातलेला असणार, त्यामुळे मुलीच्या चालू होणाऱ्या पत्त्यावर सर्व विषयांची निमंत्रणे पुन्हा पाठवावी लागतील. नुसता वर्गकोड दिला तर आमच्या घरी गोंधळ होतो. त्याच फोनवर पाचवीतल्या मुलाचे आणि माझे स्वतःचेही खाते आहे. माझ्या खात्यावरून कोड टाकला की शाळेबाहेरचा म्हणून नकार येतो आणि मुलाच्या खात्यावरून टाकला तर पाचवीचा मुलगा नववीच्या गणितात जाऊन बसतो. मागे एकदा तसे झालेही होते आणि सरांनी त्याची दोन दिवस गैरहजेरी मांडली होती.

शनिवारची वेळ चालेल की नाही, एवढे शुक्रवारपर्यंत वर्गशिक्षकांमार्फत कळवावे. जुने खाते पुसलेल्यांच्या यादीत सापडले नाही, तर तेही त्याच दिवशी स्पष्ट सांगावे, म्हणजे प्रकल्पाची मांडणी मुलीला नव्याने सुरू करता येईल.

आपला विश्वासू,
इयत्ता नववीतील एका विद्यार्थिनीचा पालक
तालुका बेळगाव