पाण्याचा हक्क कोणत्या कलमातून येतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘२०१० साली संयुक्त राष्ट्रांनी पाण्याचा हक्क दिला’ हे वाक्य बातम्यांत आणि लेखांत वारंवार वाचायला मिळते. त्या वर्षी २८ जुलैला आमसभेने ठराव केला हे खरे. १२२ देशांनी बाजूने मत दिले, विरोधात कोणीच नव्हते आणि ४१ देश तटस्थ राहिले. पण आमसभेचा ठराव देशांना कायद्याने बांधत नाही. बांधतो तो करार, आणि पाण्याचा हक्क त्याआधीच एका करारातून काढला गेला होता. तो कसा काढला हे कळले नाही, तर न्यायालयात किंवा तक्रारीत नेमके काय मागता येते हेही कळत नाही. म्हणून हे पत्र.

आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारात ‘पाणी’ हा शब्द हक्क म्हणून कुठेच येत नाही. कलम ११ म्हणते की पुरेसे अन्न, वस्त्र आणि निवारा यांसह पुरेशा राहणीमानाचा हक्क प्रत्येकाला आहे. या कराराची देखरेख करणाऱ्या समितीने नोव्हेंबर २००२ मध्ये सर्वसाधारण टिप्पणी क्र. १५ काढली आणि त्यातल्या ‘यांसह’ या एका शब्दावर बोट ठेवले. ‘यांसह’ म्हटले की त्याबरोबरची यादी उदाहरणादाखल असते, ती तिथेच संपत नाही. अन्न आणि निवारा जिथे मोजले, तिथे त्यांच्याइतकेच जगण्याला अत्यावश्यक असलेले पाणी आपोआप येते. समितीने दुसरा आधार कलम १२ मधल्या आरोग्याच्या हक्कात शोधला, कारण दूषित पाण्याने होणारे आजार टाळल्याशिवाय तो हक्क कागदावरच राहतो.

यावर आक्षेप घेतला गेला की असेच वाचायचे, तर वीज, टपाल, काहीही त्या ‘यांसह’मध्ये घुसवता येईल. आक्षेप हलका नाही. माझ्या मते त्याचे उत्तर इतर करारांत आहे. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबाबतच्या १९७९ च्या करारात कलम १४ ग्रामीण स्त्रियांसाठी पाणीपुरवठा आणि स्वच्छता व्यवस्था यांचा स्पष्ट उल्लेख करते. बालहक्कांच्या १९८९ च्या करारात कलम २४ पिण्याच्या स्वच्छ पाण्याचा उल्लेख करते. म्हणजे देशांनी हा विषय आपल्याच सहीने हक्कांच्या चौकटीत आणलेला होता. समितीने तो हवेतून काढला नाही. (विजेचा उल्लेखही त्याच कलम १४ मध्ये आहे, हे आक्षेप घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.)

आता खरा व्यवहाराचा प्रश्न. हक्क कोणत्या कलमातून काढला, त्यावर त्यातून किती मिळते हे ठरते. बोट्स्वानाचा एक खटला हे नीट दाखवतो. मध्य कालाहारी अभयारण्यात राहणाऱ्या बासार्वा लोकांच्या मथोमेलो येथील विंधनविहिरीची यंत्रणा सरकारने २००२ मध्ये काढून टाकली. २००६ च्या निकालाने त्यांचे तिथले वास्तव्य कायदेशीर ठरले, तरी सरकार विहीर सुरू करू देईना. लोकांची मागणी साधी होती : विहीर आम्ही आमच्या खर्चाने दुरुस्त करू, फक्त अडवू नका. बोट्स्वानाच्या संविधानात पाण्याचा हक्क नव्हता, वर सांगितलेल्या १९६६ च्या करारात तो देश सामील नव्हता आणि २०१० च्या मतदानात तो तटस्थ राहिला होता. तरीही जानेवारी २०११ मध्ये अपील न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. त्यासाठी त्याने जमिनीवर कायदेशीर राहणाऱ्याला घरगुती वापरासाठी विहीर खणू देणारी जलकायद्यातली तरतूद घेतली आणि अमानुष व मानहानीकारक वागणुकीला मनाई करणारे संविधानाचे कलम ७ घेतले. त्या कलमाचा अर्थ लावताना टिप्पणी क्र. १५ आणि आमसभेचा ठराव यांचा हवाला दिला.

या मार्गाची ताकद आणि मर्यादा एकाच ठिकाणी आहेत. अमानुष वागणुकीची मनाई तत्काळ लागू होते. ‘निधी नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही, कारण अडवणूक थांबवायला निधी लागत नाही. पण त्याच कारणाने या निकालातून सरकारने विहिरीचा खर्च करावा असे निघाले नाही.

खर्च मागायचा तर राहणीमानाचा हक्क लागतो आणि तिथे ‘उपलब्ध साधनसंपत्तीनुसार, टप्प्याटप्प्याने’ ही अट आडवी येते. दक्षिण आफ्रिकेच्या संविधानात तर पुरेशा पाण्याचा हक्क शब्दांत लिहिलेला आहे. तरी जोहान्सबर्गच्या फिरी वस्तीचा खटला संविधान न्यायालयात लोक हरले. शहर प्रत्येक घराला महिन्याला ६,००० लिटर मोफत देई आणि ते संपले की पैसे भरेपर्यंत प्रीपेड मीटर पाणी तोडे. हिशेब माणशी रोज २५ लिटरचा होता, म्हणजे ८ माणसांचे घर धरलेले. एका नळावर १६ माणसे असतील तर माणशी साडेबारा लिटरच उरतात. उच्च न्यायालयाने ५० लिटर ठरवले, अपील न्यायालयाने ४२. ऑक्टोबर २००९ मध्ये संविधान न्यायालयाने सांगितले की आकडा ठरवणे न्यायालयाचे काम नाही, धोरण वाजवी आहे की नाही एवढेच आम्ही पाहू, आणि हे धोरण वाजवी आहे. म्हणजे संविधानात शब्द नसतानाही विहीर मिळाली आणि शब्द असूनही लिटर वाढले नाहीत. टिप्पणी क्र. १५ मध्येही लिटरचा आकडा नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवलेले आहे.

म्हणून नळ तोडल्याची तक्रार करताना केवळ ‘पाणी हा मानवी हक्क आहे’ असे लिहून फारसे हाती लागत नाही. टिप्पणी क्र. १५ मधली प्रक्रिया धरावी. ज्यांचे पाणी तोडायचे त्यांच्याशी आधी खरी चर्चा झाली का, वाजवी मुदतीची नोटीस मिळाली का, कारण आणि माहिती वेळेत दिली का, दाद मागायची सोय होती का? पैसे थकले म्हणून तोडायचे असेल तर भरण्याची ऐपत पाहिली का? आणि शेवटी, कोणत्याही परिस्थितीत माणसाला किमान आवश्यक पाण्यापासून वंचित ठेवता येत नाही, ही मर्यादा ओलांडली गेली का? यातली बहुतेक उत्तरे कागदपत्रांवरून सिद्ध करता येतात, लिटरच्या वादात तसे होत नाही.

स्वच्छता व्यवस्थेचा हक्क बराच काळ पाण्याच्या शेपटासारखा आला. सप्टेंबर २०१० मध्ये मानवी हक्क परिषदेने दोन्ही एकत्र राहणीमानाच्या हक्कातून काढले आणि आरोग्य, जीवन व मानवी प्रतिष्ठा यांच्याशी जोडले. पण कोरड्या शौचालयाला पाणी लागत नाही, आणि घरात नळ आला म्हणून शौचालय येत नाही. शिवाय इथे प्रश्न माझ्या एकट्याचा राहत नाही. माझ्या खड्ड्यातला मैला झिरपला तर शेजाऱ्याची विहीर दूषित होते. त्यामुळे या हक्कात शौचालयाच्या बांधकामापलीकडे मैला गोळा करणे, वाहून नेणे, त्यावर प्रक्रिया आणि विल्हेवाट हे सारे येते. त्यात एकांत आणि सुरक्षितता यांचीही भर आहे, जी पाण्याच्या कलमातून काढताच येत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये आमसभेने ठराव ७०/१६९ ने दोन्ही हक्क जोडलेले पण वेगळे मानले. तक्रार लिहिणाऱ्यांनीही ते वेगळे मांडावेत. एकाच परिच्छेदात घातले, तर ‘नळजोडणी दिली आहे’ एवढ्या उत्तरावर दोन्ही निकालात निघतात.

आपला,
मानवी हक्क कायद्याचा एक अभ्यासक