टेपचा हलणारा हुक आणि दहा सेंटीमीटर आखूड कपाट

प्रिय आई बाबा,

परवा फोनवर आई तू विचारलंस ना की आवाज असा का येतोय, तेव्हा नीट काही बोललो नाही, कारण मिस्त्री बाजूलाच उभे होते आणि मी त्याच दिवशी प्लायचा एक अख्खा शीट वाया घालवला होता. म्हणजे मला तरी वाया गेला असंच वाटत होतं. आता सांगतो.

इथे एका जुन्या वाड्यात वरच्या खोलीत कपाट करायचं होतं. खोलीला छत म्हणजे लाकडी तुळया, जमिनीपासून तुळईपर्यंत 2115 मिलिमीटर, आणि कपाट ठरलं 2100 उंच, 1200 रुंद, 600 खोल. 18 एमएमचा प्लाय. मिस्त्री स्वतः अजून इंच आणि सूत बोलतात पण कागदावर मला एमएमच लिहायला लावतात. दोन उभ्या साईड एकाच शीटमधून निघतात, शीट 2440 बाय 1220 असतो, म्हणून आधी आडवा कट 2100 वर मारायचा आणि मग मधून चिरायचं.

आता माझं शहाणपण ऐका. आमच्या टेपच्या टोकाला जो लोखंडी हुक असतो ना, तो थोडासा हलतो. पुढे मागे, जेमतेम एक मिलिमीटर. मला वाटलं रिवेट ढिले झालेत, टेप जुना झालाय, मिस्त्रींना दिसत नसेल. विचारायची लाज वाटली म्हणून मी आपलं गुपचूप हुक वापरायचंच बंद केलं, शीटच्या कडेवर टेपचा 10 सेंटीमीटरचा आकडा धरायचा आणि शेवटी तेवढे वाढवून खूण करायची. सकाळपासून तीन फळ्या अशाच कापल्या, बरोबर आल्या. चौथ्या वेळी साईडच्या शीटवर 100 वर कड धरली, 2200 वर खूण करायची असं मनात म्हटलं पण खूण केली 2100 वर आणि मशीनला लावला. म्हणजे साईड निघाल्या 2000 च्या.

कळलं कधी, तर वाड्यात नेऊन उभ्या केल्यावर. तुळईखाली वीतभर नाही पण हात सहज जाईल एवढी फट. मिस्त्री ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. माझ्या हातून टेप घेतला, 300 ची एक कापलेली पट्टी उचलली, तिच्या कडेला हुक अडकवून ओढला, बघ किती. 300. मग पट्टी भिंतीला टेकवली, टेपचा हुक पण भिंतीला दाबला, बघ किती. परत 300. अरे हुक जेवढा जाड आहे तेवढाच तो हलतो, बाहेरून अडकवला की ती जाडी मापातून बाहेर जाते आणि भिंतीला दाबला की आत येते, म्हणून दोन्हीकडे माप तेच. ज्यांनी हातोडीने तो घट्ट बसवला त्यांचं एक माप कायम चुकत राहतं. (मी तेच करणार होतो हो, हातोडी काढली पण होती मागच्या आठवड्यात.) टेप खाली पडून हुक वाकला तर मात्र भरवसा नाही, तेव्हा स्टीलच्या पट्टीशी लावून बघायचं आणि फरक दिसला तर टेप बदलायचा. आणि 10 वरून मोजायचंच झालं तर आधी कागदावर मोठ्ठं लिहायचं की खुणेत 10 अधिक, डोक्यात ठेवायचं नाही.

मग साईडचं काय केलं? शटर आणि मागचा प्लाय अजून कापले नव्हते हे नशीब. कापून उरलेला तुकडा होता 440 बाय 1220 चा, त्यातून 100 रुंदीच्या पट्ट्या काढून खाली बैठक केली, वर 2000 चा खोका. आणि गंमत म्हणजे 2100 चं कपाट आडवं जोडून त्या खोलीत उभं करताच आलं नसतं, कारण तिरकं होताना त्याचा कोपरा ते कोपरा जवळपास 2184 होतो आणि तुळई 2115 ला, म्हणून मिस्त्री ते जागेवर उभं ठेवूनच जोडणार होते. 2000 चा मात्र 2088 होतो, आरामात उभा राहिला, मग दोघांनी उचलून बैठकीवर ठेवला. मिस्त्री म्हणाले हे तुझं श्रेय नाही हं, फुगू नको. शीटचे पैसे कापले नाहीत पण बैठकीची घासाई सगळी मला दिली, दोन संध्याकाळी.

बाबा, माडीवरच्या कपाटाची मापं तुम्ही फोनवर सांगितलीत ना, ती आईच्या शिवणाच्या टेपने घेतलेली दिसतायत. कापडी टेप वापरून वापरून ताणला जातो, त्यावर लाकूड नका आणू अजून. गणपतीत येतोय तेव्हा मी माझा टेप घेऊन येतो, वर मध्ये खाली तिन्ही ठिकाणी मोजू, आपली भिंत तशी पण वाकडी आहे.

तुमचा,
बाळू

ता.क. आई, शेंगदाण्याची चटणी संपली.