पाळी यायच्या आधीच शिकवायला घेतलंत, त्याबद्दल

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण माझ्या लेकीसारख्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींच्या आयांनीही ते वाचावं, म्हणून उघड लिहितेय. तुमचं, शाळेचं आणि लेकीचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. वाचाल तेव्हा तुम्हाला कळेलच.

लेकीला अकरावं सरत आलं होतं. आंघोळ घालताना ती छातीला हात लावू देईना, फ्रॉक घालताना ओरडायची. शाळेतही ती सारखी छातीवरचा कपडा ओढते, हे तुमच्याच लक्षात आलं. तुम्ही मला बोलावून घेतलंत आणि सांगितलंत की स्तनाग्राखाली लहानशी कडक गाठ येते, ती दुखरी असते आणि बऱ्याचदा आधी एकाच बाजूला येते. ही वयात येण्याची पहिली खूण. इथून साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते. लेकीसारख्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलींची समज सावकाश वाढते, पण पाळी बहुतेकींना इतर मुलींच्याच वयात येते, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत. घरात सगळे म्हणत होते, "अजून लहान आहे, आल्यावर बघू." तुम्ही म्हणालात, "आल्यावर शिकवायचं नसतं. त्या दिवशी ती घाबरलेली असणार, पोट दुखत असणार, तुम्हीही गडबडलेल्या असणार. नवीन गोष्ट शिकायला तो दिवस सगळ्यात वाईट." या एका सल्ल्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन.

पहिली अडचण रक्ताची. आमच्या लेकींना रक्त म्हणजे लागलं, पडलं, बाऊ झाला, एवढंच ठाऊक असतं. म्हणून तुम्ही मला माझी स्वतःची पाळी तिच्यापासून लपवू नका असं सांगितलंत. मला संकोच वाटला, पण ऐकलं. पॅड बदलताना तिला सोबत घ्यायचं, डाग दाखवायचा आणि दर वेळी तेच छोटं वाक्य म्हणायचं : "आईला पाळी आली. लागलेलं नाही. पॅड बदलला की झालं." घरात सगळ्यांनी 'पाळी' हाच शब्द वापरायचा, हेही तुम्ही बजावलंत. कावळा शिवला म्हटलं तर ही पोर खरंच खिडकीत कावळा शोधेल, हे तुम्ही ओळखून होतात.

मग पॅडची सवय. तिला कपड्याचं लेबलसुद्धा टोचतं, तिथं निकरमध्ये जाडसर पॅड ती सहन करणार कशी? तुम्ही सुचवलंत की पाळी नसतानाच, तिचं आवडतं काम चालू असताना, थोडा वेळ पातळ पॅड लावायचा. तिनं काढून फेकायच्या आत आपणच काढायचा आणि वेळ हळूहळू वाढवायचा. दोन-तीन प्रकारचे पॅड लावून पाहिल्यावर कळलं की तिला प्लॅस्टिकसारखा चुरचुरणारा वरचा थर नको असतो, मऊ सुती चालतो. तेव्हापासून तोच आणते, त्याच रंगाच्या पाकिटातला.

पॅड बदलणं म्हणजे एक काम, असं आपल्याला वाटतं. तुम्ही माझ्यासमोर कागदावर त्याचे तुकडे पाडलेत. दार लावायचं. निकर गुडघ्यापर्यंत खाली. जुना पॅड सोलून काढायचा, गुंडाळायचा, कागदात बांधून झाकणाच्या डब्यात टाकायचा, संडासात नाही. नवा पॅड उघडायचा, पाठचा कागद काढायचा, चिकट बाजू निकरवर दाबायची, पंख खाली दुमडायचे, निकर वर, हात साबणाने धुवायचे. प्रत्येक पायरीचा फोटो आमच्याच बाथरूममध्ये काढायला लावलात, कारण दुसऱ्या कुणाच्या बाथरूमचं चित्र पाहून हे आपल्याबद्दल आहे हे तिला उमगलं नसतं. फोटोंची ती पट्टी आजही डब्याच्या वर भिंतीला लावलेली आहे.

आणि शिकवायचं ते शेवटाकडून! मला हे आधी उलटंच वाटलं होतं. सगळं मी करायचं, फक्त शेवटची पायरी, हात धुणं, तिनं करायचं आणि शाबासकी घ्यायची. ते जमलं की निकर वर ओढणंही तिचं. मग पंख दुमडणं. अशानं दर वेळी काम तिच्याच हातून पुरं होतं, अर्ध्यावर अडकून ती रडत बसत नाही. पंख दुमडण्यावर आमचे बरेच दिवस गेले, कारण तिची बोटं आखूड आणि पकड ढिली. एकदा तिनं चिकट बाजू वर करून पॅड लावला आणि तो सोलताना कळवळली. तेव्हा तुम्ही मला, मी शिवणकाम करते म्हणून, युक्ती दिलीत : निकरच्या आतून पॅडच्या आकाराची रेघ जाड निळ्या दोऱ्याने शिवायची, पंखांच्या जागी छोटे टाके, आणि पुढच्या बाजूला एक बटणफूल. पॅड रेघेच्या आत बसला की बरोबर. त्या दिवसापासून पॅड कुठं आणि कसा ठेवायचा हा प्रश्नच उरला नाही.

सराव कोरड्या पॅडवर करून भागत नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. स्वच्छ पॅड का काढून टाकायचा, याचं कारण तिला दिसत नाही. मग ती एक तर कधीच बदलत नाही, नाहीतर दर खेपेला बाथरूममध्ये गेली की नवा घेते. तुम्ही पॅडवर बिटाचा रस टाकायला सांगितलात. लाल दिसलं की बदलायचा. "चार तासांनी बदल" हे तिला कळणार नव्हतं, म्हणून वेळा तिच्या दिवसाला बांधल्यात : उठल्यावर, शाळेत डबा खाण्याआधी, घरी आल्यावर, झोपताना. दिवसभरात अंतर चार ते सहा तासांचंच पडतं, पण तिला घड्याळ बघावं लागत नाही.

पाळी आली ती रविवारी सकाळी. तिनं निकर दाखवून "आईसारखं" म्हटलं आणि सरळ पाकीट काढलं. घाबरली नाही. मात्र थोड्या वेळानं पाहिलं तर जुन्या पॅडवरच नवा चिकटवलेला. मी तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही क्षणात सांगितलंत की शेवटाकडून शिकवताना जुना काढण्याची पायरी अजून माझ्याच हातात राहिली होती, बाकी सगळं पक्कं आहे. तेवढीच पायरी घेतली, पुढच्या पाळीला तीही तिला जमली. कुठं बिनसलं यावरून कुठली पायरी कच्ची आहे हे ओळखायचं, हे मी तुमच्याकडून शिकले आणि आता केस धुण्यापासून काखेला साबण लावण्यापर्यंत सगळीकडे वापरते.

दुखणं तिला सांगता येत नाही. तिच्या बाबतीत ते ओटीपोटावर बुक्की मारण्यात आणि जेवण नाकारण्यात दिसतं. तुम्ही कॅलेंडरवर पाळीचे दिवस आणि तिची वागणूक दोन्ही मांडायला लावलीत. ती पानं डॉक्टरांना दाखवली तेव्हा त्यांनी तिच्या वजनानुसार गोळी लिहून दिली, आणि लगेच लक्षात आलं की ज्याला आम्ही हट्ट म्हणत होतो तो पोटदुखीचा होता. पहिली एक-दोन वर्षं पाळी पुढं-मागं होते, त्याचं भय नाही. पण तासातासाला पॅड भिजत असेल, रक्तस्राव सात दिवसांपुढे जात असेल, तर थांबायचं नाही. डाउन सिंड्रोम असलेल्यांत थायरॉइड कमी पडण्याचं प्रमाण जास्त असतं आणि त्यानंही पाळी बिघडते, म्हणून ती तपासणी दरवर्षी करा, असं तुम्ही सांगितलं होतंत. इतर आयांनी एवढंही ध्यानात ठेवावं : आठ वर्षांच्या आत छाती भरू लागली, किंवा पंधरा झाली तरी पाळी नाही, तर डॉक्टरांकडे जायचं.

बाई, सगळ्यात अवघड काम तुम्ही आमच्या घराला लावलंत. कपडे बदलायचे ते दार लावूनच, हे तिला शिकवायचं, तर आधी घरातल्या सगळ्यांनी ते पाळायचं. जिचा फ्रॉक पाहुण्यांसमोर हॉलमध्ये बदलला जातो, तिला खासगी म्हणजे काय ते समजणार कशावरून? मावशी, काकू, सगळ्यांना सांगावं लागलं, थोडी नाराजीही झाली. बाथरूममध्ये मदत कोण करू शकतं, त्यांचे फोटो तुम्ही तिच्याकडूनच लावून घेतलेत : आई, आजी आणि शाळेतल्या तुम्ही. चौथं कुणी आलं तर "नको" म्हणायचं आणि आईला सांगायचं. "नको" मोठ्यानं म्हणण्याचा सराव तुम्ही वर्गात घेतलात. तिला जन्मभर सगळ्यांचं ऐकायलाच शिकवलेलं होतं, म्हणून हा सराव मला पाळीच्या सरावाइतकाच मोलाचा वाटतो.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. नात्यातल्या एकीनं मला "पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल" असा सल्ला दिला होता. मी तो तुमच्यापाशी बोलले, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. शांतपणे 1994 ची गोष्ट सांगितलीत : शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं, पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही असं कारण देऊन, पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली आणि त्यावर राज्यभर वादळ उठलं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं दहावं कलमही तुम्हीच वाचून दाखवलंत. वंध्यत्व येईल असा उपचार दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. वर तुम्ही म्हणालात की पिशवी काढल्यानं कुणी तिच्या अंगाला हात लावणं थांबत नाही, उलट लपून राहतं. त्यानंतर तो विषय आमच्या घरात कधी निघाला नाही.

सगळं जमलंय असं नाही. रात्री अजून मीच मोठा पॅड लावून देते, आणि पाळी कधी येणार याचा अंदाज तिला येत नाही, म्हणून तारीख जवळ आली की दप्तरात जादा निकर आणि पॅड असतो. सगळ्याच मुलींना एवढं जमेल असंही नाही, हे तुम्हीच सांगितलं होतंत. ज्यांना पॅड सहनच होत नाही त्यांच्यासाठी पाळीत वापरायची शोषून घेणारी निकर मिळते, तीही चांगली सोय आहे.

रेघ शिवलेल्या निकर मी आता वेगवेगळ्या मापांच्या करून ठेवल्या आहेत. तुमच्या वर्गातल्या ज्या मुलीला लागतील तिच्या आईला माझ्याकडे पाठवा, पैसे घेणार नाही. माप फक्त कंबरेचं आणा आणि ती वापरते त्या पॅडचं रिकामं पाकीट.

तुमची,
तुमच्या वर्गातल्या एका मुलीची आई