कवितेच्या मुद्रितावरची लाल शाई

प्रिय सुहास,

तुझं पत्र आणि सोबतची मुद्रितं मिळाली. कथा-कादंबऱ्या तपासून तुझा हात तयार झालाय, त्यामुळे लाल पेन भराभर चाललेलं दिसतंय. ‘न्हाई’चं ‘नाही’ केलंस, ‘शांति’चं ‘शांती’ केलंस. गद्यात हे सगळं बरोबर ठरलं असतं. इथे मात्र यातल्या बऱ्याच खुणा तुला मागे घ्याव्या लागतील. आणि गंमत म्हणजे ज्या चुका पकडायच्या होत्या त्या तशाच राहिल्यात.

तू पाठवलेली पहिलीच कविता घे. कवयित्रीच्या हस्तलिखितात ती अशी आहे:

```
दार उघडं
          आणि आत
कुणीच     नाही
म्हणून वाऱ्यानं इतक्या वर्षांनी पुन्हा एकदा नाव विचारलं
```

आणि मुद्रितात ती अशी आलीय:

```
दार उघडं
आणि आत
कुणीच नाही
म्हणून वार्यानं इतक्या वर्षांनी
पुन्हा एकदा नाव विचारलं
```

चारच्या पाच ओळी झाल्या, आणि तुझी एकही खूण तिथे नाही! वाचायला सुरळीत लागतंय, म्हणूनच ते निसटलं. शेवटची ओळ कवयित्रीने तोडलेली नाही, ती पानाच्या रुंदीने तोडलीय. वाचणारा मात्र ‘वर्षांनी’पाशी थांबणार आणि ते थांबणं कवयित्रीचं समजणार. लांबलचक, न थांबणारी ओळ तिने मुद्दाम शेवटी ठेवली होती, आधीच्या तीन तुटक ओळींनंतर. तेच गेलं.

ओळ कुणी तोडली हे ओळखायची सोपी रीत आहे. अक्षरजुळणीची फाइल उघडून लपलेल्या खुणा दिसू दे. Word मध्ये त्यासाठी ¶ चं बटण असतं. ओळीच्या शेवटी ¶ दिसला तर तिथे कुणीतरी Enter दाबलंय, वाकडा बाण दिसला तर Shift+Enter. यातलं काहीच दिसलं नाही तर ती ओळ जागा संपली म्हणून खाली आलीय. जागेच्या ठिपक्यांवरून मोकळ्या जागाही मोजता येतात. फाइल हाताशी नसेल तर हस्तलिखितातल्या प्रत्येक कवितेच्या ओळी मोजून आकडा पेन्सिलने कोपऱ्यात लिही, मग मुद्रितातल्या मोज. कंटाळवाणं काम आहे, पण शब्द वाचण्याआधी हेच कर. एकदा वाचायला लागलास की डोळा अर्थाच्या मागे जातो आणि आकार दिसेनासा होतो.

मूळ प्रत म्हणून नुसती Word ची फाइल घेऊ नकोस, बरं का. ती दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या फाँटमध्ये उघडली की ओळी नव्याने वाहतात. कवयित्रीने स्वतः तपासलेली पीडीएफ, छापील प्रत किंवा हस्तलिखित, यातलं काहीतरी एक माग आणि वाद झाला की तेच प्रमाण मान.

आता न मावणाऱ्या ओळीचं काय करायचं? नेहमीचा उपाय असा की उरलेला तुकडा खालच्या ओळीत बराच आत सरकवून छापायचा, म्हणजे ही वरचीच ओळ आहे हे कळतं. पण या संग्रहात कवयित्री स्वतःच ओळी आत सरकवते. तेव्हा हा तुकडा तिच्या सगळ्यांत आतल्या ओळीपेक्षाही आत गेला पाहिजे, आणि सगळ्या पुस्तकात तेवढाच. तेवढी जागा नसेल तर त्या कवितेचा टाइप थोडा लहान करायला सांग. मी तरी आधी हाच मार्ग धरेन.

मोकळ्या जागा गेल्याचं कारण बहुधा साधंच आहे. गद्यात दोन-दोन स्पेस पडलेल्या असतात, म्हणून जुळणी करणारा एकदाच सगळीकडे दोनच्या जागी एक करून टाकतो. कवयित्रीने ‘आणि आत’ स्पेस दाबून दाबून आत नेलं होतं, ते त्या झाडणीत साफ झालं. ते परत आणताना समासात नुसतं ‘जागा सोडा’ लिहून भागणार नाही. हस्तलिखितात ‘नाही’ बरोबर ‘आणि’च्या खाली येतो. ही जागा श्वासासाठी आहे की त्या दोन शब्दांना एकाखाली एक आणण्यासाठी, हे तिला विचार. श्वासासाठी असेल तर ‘चार अक्षरांएवढी’ असं लिही. एकाखाली एक हवं असेल तर टॅब वापरायला सांग, कारण स्पेसने जुळवलेलं फाँट बदलला की हलतं. आणि कविता डावीकडून सरळ ठेवायची. दोन्ही बाजू सरळ केल्या तर Shift+Enter ने संपलेल्या ओळी ताणल्या जातात आणि शब्दाशब्दांत नसलेले खड्डे पडतात.

आता शुद्धलेखन. ‘जळी शांति नाही, तळी शांति नाही’ ही ओळ मोठ्याने म्हणून बघ. भुजंगप्रयात आहे: लघु, गुरू, गुरू, असं चार वेळा. चौथं अक्षर ‘ति’, ते लघुच हवं. तू ते दीर्घ केलंस आणि वृत्त मोडलं, दहाव्या अक्षराला पुन्हा तेच. साहित्य महामंडळाच्या नियमांनीही वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची ही सूट कवीला दिलेली आहे, तेव्हा नियमाचा दाखला देऊनही ही दुरुस्ती टिकत नाही.

‘न्हाई’चं वेगळं आहे. एकाच कवितेत ‘न्हाई’ आणि ‘नाही’ दोन्ही दिसले म्हणून तू एकसारखं केलंस. पण कोण कुठे बोलतंय ते बघ. ‘न्हाई’ म्हणणारी आजी आहे, ‘नाही’ म्हणणारी नात. म्हणून एकरूपतेची यादी अख्ख्या पुस्तकासाठी करू नकोस, दर कवितेसाठी वेगळी कर.

मग ‘वार्यानं’? ते कवयित्रीचं नाही. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्या’चा अर्धा र हरवतो आणि ‘र्या’ उरतो. हे ओळखू येतं, कारण फाइलच्या चुका सरसकट असतात: वार्यानं, दर्या, दुसर्या, जिथे ‘ऱ्या’ हवा तिथे सगळीकडे. कवीची वेगळी वळणं अशी पुस्तकभर एका साच्यातून येत नाहीत. तरी ‘दर्या’ शोधून आपोआप बदलू देऊ नकोस, एखाद्या कवितेत खरोखरच समुद्र असायचा.

जे राहू द्यायचं त्याखाली ठिपके देऊन समासात ‘जसंच्या तसं’ लिही. आत्ताच लिही, नाहीतर पुढचं मुद्रित वाचणारा तुझ्यासारखाच उत्साही निघायचा. शंका असेल तिथे कवयित्रीला ‘हे चूक आहे का?’ असं विचारू नकोस; माणूस ओशाळतो आणि बरोबर असलेलंही बदलून टाकतो. पान, ओळ आणि शब्द देऊन ‘असंच ठेवू ना?’ एवढंच विचार. उत्तर आलं नाही तर हात लावू नकोस.

दुसरं मुद्रित आलं की फक्त खुणा केलेल्या ओळी तपासून सोडू नकोस. एक ओळ दुरुस्त झाली की खालची कडवी सरकतात, आणि नेमकं कडवं संपतं तिथे पान संपलं तर पुढच्या पानावर नवं कडवं सुरू झालं की जुनंच चालू आहे, हे वाचणाऱ्याला कळत नाही. तसं झालं तर एखादी ओळ मागे-पुढे ढकलायला सांग. ते कवितासंग्रहात सहसा जमतं, पानावर जागा मुबलक असते.

तुझी पानं परत पाठवतोय. माझ्या खुणा हिरव्या शाईत आहेत.

तुझा,
अविनाश