चोपन्न हजारांचा हिशेब

सुदामा नगर, इंदूर
११ जानेवारी

प्रिय दिलीप,

तुझा मेसेज वाचला. "सिगारेट सोडून वर्षाला नक्की किती वाचतात रे? खरं सांग, ऐकीव नको," असं तू विचारलंस. फोनवर सांगितलं असतं, पण आकडे फोनवर तू ऐकत नाहीस आणि मी मध्येच विषय सोडून देतो. म्हणून पत्र. आज माझा एकशे दोनावा दिवस. त्यातला एक दिवस नापास, त्याची गोष्ट पुढे येईलच.

मी आधी तुझ्यासारखाच हिशेब केला होता. रोजच्या सहा, एक सतरा रुपयांची, म्हणजे दिवसाचे १०२ आणि वर्षाचे ३७,२३०. हा आकडा मी गेली दोन वर्षं लोकांना सांगत होतो आणि सांगून झाल्यावर एक पेटवत होतो. कारण तो साफ खोटा होता, आणि आतून मला ते ठाऊक होतं.

ऑगस्टमध्ये एक चतकोर वही खिशात ठेवली आणि चौदा दिवस प्रत्येक सिगारेटला एक रेघ मारली. तारखा मुद्दाम निवडल्या, २५ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर. पगार झाला की आपण पाकीट घेतो आणि महिना सरत आला की गुमटीवर, म्हणजे पानाच्या टपरीवर, एकेक सुटी सिगारेट, हे तुलाही माहीत आहे. फक्त पहिला आठवडा मोजला तर हिशेब वेगळा येतो आणि फक्त शेवटचा मोजला तर आणखी वेगळा. चौदा दिवसांत दोन्ही सापडतात. एकच अट होती, मोजताना कमी करायची नाही. नुसती रेघ मारायची म्हटलं तरी हात आखडतो. पहिल्या दोन दिवसांत माझाही आखडला, मग ठरवलं की या पंधरवड्यात सोडण्याचा विचारही करायचा नाही.

निघाल्या एकशे अकरा. रोजच्या सहा नाहीत, जवळजवळ आठ! सत्तर पाकिटातल्या, म्हणजे १७० ची सात पाकिटं, ११९० रुपये. बाकी एक्केचाळीस सुट्ट्या, अठरा रुपये भावाने ७३८. त्यात वीसचा लायटर, आणि घरी वास येऊ नये म्हणून घेतलेल्या पेपरमिंट-बडीशेपेचे १३२. एकूण २०८०. याला सव्वीसने गुणलं आणि एक दिवस वरचा जोडला की वर्षाचे ५४,२२९. पहिल्या आकड्यापेक्षा सतरा हजार जास्त. दोन सिगारेटी आणि बडीशेप मिळून सतरा हजार खाऊन जातात, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

चहा यात धरलेला नाही. वहिनींना फुगवलेला आकडा दाखवायचा असेल तर तू धर, पण चहा आपण नंतरही पिणारच. तसंच ते तीस वर्षांच्या चक्रवाढ व्याजाचं कोष्टक मला कुणी दाखवलं की डोकं फिरतं. इतक्या लाखांचा फ्लॅट आला असता म्हणे. नसता आला. ते पैसे दुसऱ्याच गुमटीवर गेले असते.

कारण मुख्य अडचण हीच आहे. सिगारेट बंद केली तरी पैसे आपोआप साठत नाहीत. पाकिटातली शंभराची नोट संध्याकाळी कचोरीत जाते, पेट्रोलमध्ये जाते, आणि महिन्याच्या शेवटी तू म्हणतोस, सोडून काय मिळालं? जूनमध्ये मी सोडली होती तेव्हा अगदी हेच झालं. अकरा दिवस टिकलो आणि हातात एक रुपया दिसत नव्हता.

या वेळी एक जुनं बचत खातं घेतलं. त्याचं एटीएम कार्ड नाही, ते फोनच्या कोणत्याच ॲपला जोडलेलं नाही. रोज रात्री जेवल्यावर त्यात पैसे टाकायचे आणि काढायचे तर पासबुक घेऊन शाखेत रांगेत उभं राहायचं. दिवसाचे १४९ येतात, मी १५० धरले. पण पहिल्या महिन्यात पूर्ण १५० टाकले नाहीत, आणि हे बहुतेक लोक हिशेबात विसरतात. सोडायलाही पैसे लागतात. डॉक्टरांनी मला निकोटिनच्या च्युइंग गमच्या गोळ्या सांगितल्या, दोन मिलिग्रॅमच्या, कारण उठल्यावर माझी पहिली सिगारेट अर्ध्या तासानंतरची असायची. डोळे उघडल्या उघडल्या ओढणाऱ्याला चार मिलिग्रॅमची लागते. तुझं दुसरं आहे असं वाटतं, डॉक्टरांना सांग. गोळी अकरा रुपयांना पडायची. पहिल्या महिन्यात रोज आठ, मग चार, मग दोन. तीन महिन्यांत मिळून ४,६०० च्या आसपास गेले. म्हणजे पहिल्या वर्षाची खरी बचत चोपन्न नाही, एकोणपन्नास हजार सहाशेच्या घरात. म्हणून ऑक्टोबरात रोज ६० टाकले, नोव्हेंबरात १०५, डिसेंबरात १२५, आणि आता १५०.

गोळीबद्दल एक सांगतो, नाहीतर माझ्यासारखे पैसे वाया घालवशील. मी ती लहान मुलांच्या गमसारखी चावत बसलो आणि दोन दिवस उचक्या लागल्या. ती हळू चावायची, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चारदा चावायची. निकोटिन तोंडातूनच शोषलं जातं, गिळलं की पोटात जळजळ. आणि आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी बंद, आंबटपणामुळे ते शोषलं जात नाही. इंदूरच्या माणसाला हे केवढं अवघड! पण कॉफीचा आणखी एक घोळ आहे. धुरामुळे शरीर कॅफीन भराभर जाळतं. सिगारेट थांबली की तेवढीच कॉफी जास्त चढते. मला चौथ्या दिवशी छातीत धडधड आणि रात्री झोप नाही. मी ते सिगारेटच्या खात्यात घातलं, पण निम्मं काम ऑफिसच्या मशीनच्या कॉफीचं होतं. चार कपांचे दोन केल्यावर झोप आली.

आता बक्षिसाचं. जूनमध्ये मी वहीत लिहिलं होतं, वर्षाअखेर धाकटीची फी. चूक झाली. फी तर भरणारच होतो, सिगारेट ओढूनही भरत होतो. जे नाहीतरी होणार, ते बक्षीस नव्हे. आणि वर्षाअखेरचं बक्षीस तिसऱ्या दिवशीच्या माणसाला दिसत नाही. तलफ सगळ्यात जोरात पहिल्या दोन-तीन दिवसांत असते, मग तीन-चार आठवड्यांत ओसरते. म्हणून बक्षिसंही सुरुवातीला दाट लावली. तिसरा दिवस, सातवा, एकविसावा, नव्वदावा आणि वर्ष. नियम एकच, त्या दिवसापर्यंत खात्यात जमलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त बक्षिसांवर उडवायचं नाही.

तिसऱ्या दिवशी १८० पैकी ९० रुपये होते. छप्पन दुकानला एकटा गेलो, पोटभर खाल्लं, आणि बाहेर पडताच कोपऱ्यावरची गुमटी दिसली. तो ओळखीचा, "भिया, तबियत ठीक है? दो दिन से दिखे नहीं!" पाय तिकडे वळलेच होते. म्हणजे जिथे ओढायचो तिथे बक्षीस नको. सातव्या दिवशी १२० रुपयांची मिठाई घरी आणली आणि घरच्यांसोबत खाल्ली.

सतरावा दिवस म्हणजे १८ ऑक्टोबर. जुने सहकारी आले होते, गच्चीवर बसलो आणि एक घेतली. जूनमध्येही अशीच एक घेतली होती. तेव्हा माझा नियम होता, एक जरी ओढली तरी मोजणी शून्यावर. शून्य झालं म्हटल्यावर मी रात्रीतून अर्धं पाकीट संपवलं, कारण गमावायला काही उरलंच नव्हतं. या वेळी नियम वेगळा लिहून ठेवला होता. त्या दिवसाचे पैसे खात्यात जात नाहीत, पुढचं बक्षीस तीन दिवस पुढे ढकललं जातं, आणि आधीचं जमलेलं तसंच राहतं. म्हणून एकविसाव्याचं नाटकाचं तिकीट चोविसाव्या दिवशी आलं, ४०० रुपयांचं. दुसरी सिगारेट घेतली नाही. ते सहकारी अजून येतात, पण मी गच्चीवर जात नाही.

पैसे जप्त करण्याची अटही मी ठेवली नाही. फिलिपिन्समधल्या मिंडानाओ बेटावर एका बँकेने असा प्रयोग केला होता. सिगारेट सोडणाऱ्याने स्वतःचे पैसे खात्यात टाकायचे, सहा महिन्यांनी लघवीच्या चाचणीत निकोटिनचा अंश सापडला की सगळी रक्कम दानात. २०१० साली त्याचे निष्कर्ष छापून आले. फायदा झाला, पण खातं उघडायला शंभरातले साधारण अकराच तयार झाले. मी बाकीच्या एकोणनव्वदांतला आहे. तू अकरांतला असशील तर तशी अट घाल.

नव्वदाव्या दिवशी, ३० डिसेंबरला, चालायचे बूट घेतले, ३,४०० चे. चारही बक्षिसं मिळून ४,०१० गेले. आज सकाळी पासबुकात ६,२५५ रुपये आहेत. वर्ष असंच गेलं तर एकूण पन्नास हजारांच्या आसपास जमतील, निम्मे बक्षिसांचे. त्यातून हे चार हजार वजा केले तरी एकवीस हजारांपर्यंत उरतात. लग्नाला बावीस वर्षं झाली, तुझ्या वहिनीने अजून समुद्र पाहिलेला नाही. अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई, तिथून कोकण, चार दिवस. तारीखही ठरवून ठेवली आहे, २ ऑक्टोबर. मी सोडली तीही तीच, आणि २००८ साली सार्वजनिक जागी ओढायला बंदी लागू झाली तीही गांधी जयंतीलाच. तेव्हा मी हसलो होतो.

तुझं सांगतो. तू म्हणतोस दहा, मी चौदा धरतो. पैज नाही, वहीच सांगेल. २५ जानेवारीपासून ७ फेब्रुवारीपर्यंत रेघा मार, पाकीट किती आणि सुट्टी किती ते वेगळं लिही, दुसऱ्याला पाजलेल्या आणि दुसऱ्याच्या ओढलेल्याही. पाजलेल्या खर्चात, फुकटच्या नाहीत, पण रेघ दोन्हींना. गोळीबद्दल डॉक्टरांना विचारायला लाज वाटली तर पाकिटावरच १८००-११-२३५६ हा मोफत नंबर छापलेला असतो, मी दोनदा फोन केला आहे. ८ तारखेला वहीच्या पानांचे फोटो पाठव. आकडे मी जुळवीन, बक्षीस तू ठरव. फक्त मोबाइल नको सांगूस, तो तू तसाही घेणारच आहेस.

काकूंना नमस्कार. गराडूचे दिवस सुरू आहेत, सराफ्यात तुझी आठवण येते.

तुझा,
अविनाश